एअर ट्रॅकवरची टक्कर: संवेगातला शेकडा बदल कसा काढायचा आणि कसा लिहायचा

जर्नल तपासताना दरवर्षी एका तरी बॅचच्या पानावर असं उत्तर असतंच: ‘टकरीनंतर संवेग ३६ टक्क्यांनी वाढला.’ त्याखालीच निष्कर्ष असतो, ‘म्हणून संवेग अक्षय्य राहतो.’ दोन्ही वाक्यं एकाच हातानं, एकाच पेननं लिहिलेली. मुलांनी रीडिंग नीट घेतलेलं असतं, गुणाकारही बरोबर असतात, फक्त परत येणाऱ्या ग्लायडरच्या वेगाला उणे चिन्ह द्यायचं राहिलेलं असतं. याच्या उलट, उत्तर उणे दोन टक्के आलं की सगळे खूश होतात आणि पुढे कुणी काही विचारत नाही. मला मात्र त्या उणे दोन टक्क्यांबद्दलच बोलायचं आहे. हा आकडा चांगला आहे की वाईट, हे तो एकटा सांगू शकत नाही. त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे लागतात: या ट्रॅकवर मुळात किती घट अपेक्षित होती, आणि आपल्या मोजमापाची अनिश्चितता किती. ते दोन्ही आकडे त्याच टेबलावर, त्याच तासात काढता येतात.

उदाहरणासाठी मी मुद्दाम जरा अवघड टक्कर घेतो. हलका ग्लायडर ‘अ’ धावत येतो, स्थिर उभ्या असलेल्या जड ग्लायडर ‘ब’ला रबर बँडच्या बंपरनं धडकतो आणि उलटा फिरतो. ‘ब’ पुढे निघून जातो. चिन्हाची, टायमरची आणि ट्रॅकच्या उताराची अशा तिन्ही चुका या एकाच टकरीत उघड्या पडतात. म्हणून एकच टक्कर नीट करायची असेल तर हीच करावी.

मांडणी

दीड-दोन मीटरचा ट्रॅक, ब्लोअर, दोन ग्लायडर, प्रत्येकावर सुमारे १० सेंटिमीटर रुंदीचा फ्लॅग, दोन फोटोगेट आणि फ्लॅग गेटचा किरण किती वेळ अडवतो ते ०.०००१ सेकंदापर्यंत वाचणारा टायमर एवढं साहित्य पुरतं. ग्लायडरचं वजन करताना बंपर, फ्लॅग, वाढवलेली वजनं, सगळं लावलेलं असू दे. बंपर बदलला की पुन्हा वजन करायचं. आपल्या उदाहरणात ‘अ’ २०४.६ ग्रॅमचा आहे आणि ‘ब’ ३०५.१ ग्रॅमचा. फुटपट्टीनं मोजलेले फ्लॅग अनुक्रमे १०.०२ आणि १०.०५ सेंटिमीटर रुंद आहेत.

ट्रॅकच्या पट्टीवर पहिला गेट ६० सेंटिमीटरला लावला, दुसरा १३५ ला. ‘ब’ असा उभा केला की त्याच्या फ्लॅगचा मध्य १०० वर येतो. बंपरला बंपर लागतो तेव्हा ‘अ’च्या फ्लॅगचा मध्य ८५ वर असतो. म्हणजे पहिल्या गेटपासून टकरीपर्यंत ‘अ’ २५ सेंटिमीटर जातो, आणि टकरीपासून दुसऱ्या गेटपर्यंत ‘ब’ ३५ सेंटिमीटर जातो. ही दोन अंतरं आत्ताच जर्नलमध्ये लिहून ठेवा. बहुतेक जण ती लिहीत नाहीत, पण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच उभा आहे.

गेट टकरीच्या जागेजवळ हवेत, पण फार चिकटवूही नयेत. टक्कर सुरू होण्याआधी ‘अ’चा फ्लॅग पहिल्या गेटमधून पूर्ण बाहेर पडलेला हवा. फ्लॅग गेटमध्ये असतानाच धक्का बसला तर टायमर टकरीआधीच्या आणि नंतरच्या वेगाची सरमिसळ दाखवतो, आणि ते रीडिंग पाहून काहीच ओळखू येत नाही.

ट्रॅक समतल करणं

ब्लोअर चालू करून दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या. मग ग्लायडर ट्रॅकच्या मध्यावर ठेवून बोट अलगद उचला. ग्लायडर लगेच एका बाजूला सरकू लागला तर पायाचा स्क्रू फिरवा. हे तीन-चार जागी करून पाहा, कारण लांब ट्रॅक मधोमध किंचित वाकलेला असू शकतो. मग तो टोकांना समतल वाटतो आणि मध्ये नसतो. पाणसळ ठेवून भागत नाही, तिची नजर इतकी बारीक नसते.

किती बारीक, ते आकड्यातच पाहा. एक मीटरमागे फक्त एक मिलिमीटर उतार असेल तर ग्लायडरला सुमारे ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण मिळतं. अर्धा मीटर प्रति सेकंद वेगानं जाणाऱ्या ग्लायडरचा वेग २५ सेंटिमीटरमध्ये त्यामुळे जेमतेम एक टक्का बदलतो. पण टकरीनंतर ‘अ’ परत येतो तो सुमारे ०.०९५ मीटर प्रति सेकंद वेगानं, म्हणजे रांगत. तेवढंच अंतर कापायला त्याला अडीच सेकंदांहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढा सगळा वेळ उतार त्याला ओढत किंवा ढकलत असतो. त्याचा वेग पाव टक्के किंवा अर्धा टक्का नव्हे, वीस-तीस टक्क्यांनी बदलतो. उताराचा मार नेहमी हळू चालणाऱ्या ग्लायडरला बसतो.

टकरीआधीची टक्कर नसलेली फेरी

ही पायरी मॅन्युअलमध्ये सहसा नसते. मी ती सगळ्यात महत्त्वाची मानतो. ‘ब’ उचलून बाजूला ठेवा आणि ‘अ’ला एकट्याला दोन्ही गेटमधून पाठवा. ज्या वेगानं टक्कर करायची आहे साधारण त्याच वेगानं. पाच वेळा डावीकडून उजवीकडे, पाच वेळा उजवीकडून डावीकडे. दर वेळी पहिल्या भेटलेल्या गेटपासून दुसऱ्यापर्यंत वेग किती टक्के घटला ते लिहा.

समजा उजवीकडे जाताना सरासरी १.४ टक्के घट आली आणि डावीकडे जाताना १.६ टक्के. दोन्हींची सरासरी १.५ टक्के हा हवेच्या थराचा रोध. ट्रॅकवर घर्षण ‘नसतं’ असं आपण वर्गात म्हणतो, पण ग्लायडरखालची हवेची पातळ फिल्म त्याला थोडं मागे धरतेच. दोन दिशांमधला ०.२ टक्के फरक उताराचा असू शकतो. फरक याहून मोठा असेल तर पुन्हा स्क्रूकडे जा.

इथे एक खाच आहे. दोन गेटची किरणं अगदी सारखी नसतात, त्यामुळे एकच फ्लॅग एका गेटला दुसऱ्यापेक्षा एखादा दशांश मिलिमीटर रुंद भासू शकतो. हा फरकही दोन दिशांमध्ये नेमका उतारासारखाच दिसतो. ओळखायचा उपाय सोपा आहे. दोन्ही गेटच्या जागा आपसात बदला आणि फेऱ्या पुन्हा घ्या. आधी ज्या दिशेला घट कमी होती त्याच दिशेला ती पुन्हा कमी आली तर दोष उताराचा, आणि बाजू उलटली तर गेटचा.

आता या दीड टक्क्याला संवेगाच्या एककात आणू. ‘अ’चा संवेग सुमारे ०.१०२ किग्रॅ मी/से आहे. त्याचा दीड टक्का म्हणजे ०.००१५३, आणि ही घट ७५ सेंटिमीटरमध्ये झाली. म्हणजे दर मीटरला ०.००२०४. या संख्येला मी b म्हणतो. हवेच्या फिल्मचा रोध वेगाच्या प्रमाणात असतो, आणि त्यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते: ग्लायडर जोरात जावो की हळू, तेवढ्याच अंतरात तो तेवढाच संवेग गमावतो. हळू जाणाऱ्यावर बल कमी असतं, पण ते जास्त वेळ लागतं, आणि दोन्हींचा गुणाकार सारखाच येतो. म्हणून b एकदा मिळाला की कोणत्याही टकरीत रोधानं किती संवेग खाल्ला ते फक्त अंतर मोजून सांगता येतं.

टक्कर घेणं

‘अ’ला हातानं ढकलू नका. हात नकळत वर किंवा बाजूला जोर देतो आणि ग्लायडर डुलत निघतो. ट्रॅकच्या टोकाला रबर बँड ताणून, दर वेळी पट्टीच्या त्याच खुणेपर्यंत मागे ओढून सोडा. वेग ०.३ ते ०.६ मीटर प्रति सेकंदाच्या दरम्यान राहू दे. ‘ब’वर बोट ठेवून त्याला स्थिर करा आणि ‘अ’ पहिला गेट ओलांडत असताना बोट सरळ वर उचला. बाजूला सरकवत उचललंत तर ‘ब’ला आधीच थोडा वेग मिळतो आणि तो वेग तुमच्या तक्त्यात कुठेच येत नाही.

टक्कर होताना कान उघडे ठेवा. चांगली टक्कर जवळजवळ मुकी असते, रबराचा मऊ ‘टप्’ असा आवाज येतो आणि दोघे वेगळे होतात. ‘टक्’ असा धातूचा आवाज आला किंवा नंतर खरखर ऐकू आली, तर बंपर एका रेषेत लागले नाहीत, ग्लायडर तिरका झाला आणि त्याची कड ट्रॅकला घासली. ते रीडिंग खोडू नका, त्याच्यापुढे ‘घासला’ असं लिहा आणि सरासरीतून बाहेर ठेवा. उत्तर पाहायच्या आधी लिहा, कारण उत्तर पाहून रीडिंग टाकायची सवय लागली की नंतर काहीही सिद्ध करता येतं.

‘ब’ दुसऱ्या गेटमधून पूर्ण बाहेर पडला की त्याला टोकाला हातानं थांबवा, नाहीतर तो आपटून परत येतो आणि गेट पुन्हा सुरू होतो. ‘अ’ पहिल्या गेटमधून दोनदा जातो, एकदा येताना आणि एकदा परतताना, आणि टायमरनं दोन्ही वेळा धरायला हव्यात. तुमचा टायमर दुसरी वेळ कशी दाखवतो हे आधी पाहून घ्या. काही टायमर मेमरीत दुसरी वेळ स्वतंत्र न ठेवता दोन्ही वेळांची बेरीज दाखवतात. ती बेरीज असेल तर त्यातून पहिली वेळ वजा करावी लागते.

हिशेब

एका फेरीची रीडिंग अशी होती. येताना ‘अ’: ०.२०१२ सेकंद. टकरीनंतर ‘ब’: ०.२५७० सेकंद. मेमरीतली बेरीज १.२५५२, म्हणून परतताना ‘अ’: १.०५४० सेकंद. उजवीकडची दिशा धन धरली आहे, आणि हे वाक्य जर्नलमध्ये तक्त्याच्या वर लिहायचंच. खाली m म्हणजे वस्तुमान, L म्हणजे फ्लॅगची रुंदी, t1 ही ‘अ’ची येतानाची वेळ, t2 ‘ब’ची आणि t3 ‘अ’ची परतीची; pi हा टकरीआधीचा एकूण संवेग, pf नंतरचा.

```
pi = mA*LA/t1
pf = mB*LB/t2 - mA*LA/t3
change = (pf - pi)/pi*100
```

येताना ‘अ’चा वेग ०.१००२ भागिले ०.२०१२, म्हणजे ०.४९८० मी/से. सुरुवातीचा संवेग ०.१०१९ किग्रॅ मी/से. ‘ब’ स्थिर, त्याचा शून्य. टकरीनंतर ‘ब’चा वेग ०.३९११ आणि संवेग ०.११९३. हा एकटाच सुरुवातीच्या एकूण संवेगापेक्षा मोठा आहे. हे पाहून मुलं घाबरतात आणि खाडाखोड करतात, पण इथे घाबरण्यासारखं काही नाही. ‘अ’ मागे फिरला आहे, म्हणून ‘ब’कडे जास्त असायलाच हवा. परतणाऱ्या ‘अ’चा वेग उणे ०.०९५१ आणि संवेग उणे ०.०१९५. बेरीज ०.०९९९. बदल उणे ०.००२०, म्हणजे उणे २.० टक्के.

‘अ’चं उणे चिन्ह विसरलं की बेरीज ०.१३८८ होते आणि सुरुवातीला सांगितलेले अधिक ३६ टक्के इथूनच निघतात. ही चूक मोठी आहे, त्यामुळे पकडली तरी जाते. टायमरच्या बेरजेची चूक मात्र लपून राहते. १.२५५२ हीच परतीची वेळ धरली तर ‘अ’चा संवेग उणे ०.०१६३ येतो आणि एकूण बदल अधिक १.१ टक्का दिसतो. उत्तर खऱ्यापेक्षाही देखणं दिसतं! ते पकडायची एकच खूण आहे, अधिक चिन्ह. या मांडणीत रोध एकूण संवेग कमीच करू शकतो, हे पुढे रोधाच्या हिशेबात दिसेल. म्हणून पाचही फेऱ्यांत बदल अधिक येत असेल तर टायमर किंवा उतार तपासा.

छेदात नेहमी टकरीआधीचा एकूण संवेग घ्या. काही जण आधीच्या आणि नंतरच्या संवेगाची सरासरी छेदात घेतात. तो शेकडा फरक झाला, शेकडा बदल नव्हे. ‘शेकडा त्रुटी’ हा शब्दही इथे नको, त्रुटी म्हणायला खरी किंमत माहीत असावी लागते. आणि चिन्ह पुसू नका. ‘२ टक्के बदल’ एवढंच लिहिलं तर संवेग घटला की वाढला हेच वाचणाऱ्याला कळत नाही, आणि दोन्हींची कारणं वेगळी असतात.

उणे दोन टक्के कुठून आले?

आधी रोध. गेटपासून टकरीपर्यंत ‘अ’ २५ सेंटिमीटर उजवीकडे गेला, b च्या हिशेबानं ०.०००५१ संवेग गमावला. परतताना तोच ‘अ’ २५ सेंटिमीटर डावीकडे गेला आणि तेवढाच संवेग गमावला, पण या वेळी उणे संवेग. उणे कमी झालं म्हणजे एकूण बेरीज तेवढीच वाढली. दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. उरला ‘ब’चा ३५ सेंटिमीटरचा प्रवास: ०.००२०४ गुणिले ०.३५, म्हणजे ०.०००७१. सुरुवातीच्या संवेगाच्या ०.७ टक्के. म्हणजे टक्कर अगदी निर्दोष झाली असती तरी या मांडणीत आपल्याला उणे ०.७ टक्केच दिसले असते, शून्य नव्हे. इथे ‘ब’साठीही ‘अ’चाच b धरला आहे. जड ग्लायडरखालची फिल्म पातळ होते, त्यामुळे ‘ब’चा b थोडा मोठा असू शकतो. वेळ असेल तर ‘ब’च्याही एकट्याच्या फेऱ्या घ्या.

मग फ्लॅग. फुटपट्टीनं मोजलेली रुंदी आणि किरण जितका वेळ अडतो ती रुंदी एकच नसते, अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. १० सेंटिमीटरमध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे अर्धा टक्का. दोन फ्लॅग मिळून शेकडा बदलात सुमारे ०.८ टक्क्याची अनिश्चितता येते. दोन दिशांमधल्या ०.२ टक्के फरकाचा निम्मा, म्हणजे उताराचा ०.१ टक्का, या टकरीत, परतणाऱ्या ‘अ’च्या संथपणामुळे, सुमारे ०.३ टक्के होतो. वजनाची आणि टायमरची अनिश्चितता यांच्यापुढे नगण्य आहे. वर्ग करून, बेरीज करून वर्गमूळ घेतलं की ०.९ टक्के.

आता पाच फेऱ्या पाहू: उणे २.०, उणे १.४, उणे १.७, उणे ०.९, उणे १.६. सरासरी उणे १.५. फेऱ्यांचं आपसातलं विखुरणं ०.४, म्हणून सरासरीची अनिश्चितता जेमतेम ०.२. इथे बरेच जण ‘उणे १.५ अधिक-उणे ०.२’ असं लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. फ्लॅगची रुंदी चुकली असेल तर ती पाचही फेऱ्यांत सारखीच चुकते. पाचाच्या जागी पन्नास फेऱ्या घेतल्या तरी ती चूक सरासरीतून जाणार नाही. म्हणून खरी अनिश्चितता ०.९ च्या आसपासच राहते.

रोधाचे उणे ०.७ बाजूला काढले तर उरतात उणे ०.८, अधिक-उणे ०.९. शून्य या पट्ट्यात बसतं. संवेग अक्षय्यतेशी निकाल जुळतो, हे म्हणायला हरकत नाही. पण मला हे उत्तर अजून ढिसाळ वाटतं, आणि ते आवळायला फक्त दहा मिनिटं लागतात.

फ्लॅगची दहा मिनिटं

समीकरण नीट पाहिलं तर शेकडा बदलात फ्लॅगच्या दोन रुंदी स्वतंत्रपणे येतच नाहीत, त्यांचं फक्त गुणोत्तर येतं. आणि गुणोत्तर काढायला फुटपट्टी लागत नाही. दोन्ही ग्लायडर सुई आणि मेणाच्या टोकांनी एकमेकांना जोडा, म्हणजे ते एकाच वेगानं जातील. ही जोडी एकाच गेटमधून पाठवा. गेटमधून आधी एक फ्लॅग जाईल, मागून दुसरा. दोन वेळांचं गुणोत्तर म्हणजेच दोन रुंदींचं गुणोत्तर. मधल्या १५ सेंटिमीटरमध्ये रोधानं वेग किंचित घटतो, म्हणून जोडी उजवीकडे पाच वेळा आणि डावीकडे पाच वेळा न्या. एका दिशेला ‘ब’ पुढे असतो, दुसऱ्या दिशेला ‘अ’. सरासरीत ही घट निघून जाते.

आपल्या फुटपट्टीप्रमाणे गुणोत्तर १.००३ होतं. या फेऱ्यांतून ते १.००९ आलं, अधिक-उणे ०.००२. म्हणजे ‘ब’चा वेग आपण ०.६ टक्क्यानं कमी धरत होतो. दुरुस्ती केली की पहिल्या फेरीत ‘ब’चा संवेग ०.११९३ ऐवजी ०.१२०० होतो, बदल उणे २.० ऐवजी उणे १.३ येतो, आणि पाच फेऱ्यांची सरासरी उणे १.५ वरून उणे ०.८ वर येते. अनिश्चितता ०.९ वरून ०.४ वर. रोधाप्रमाणे अपेक्षित होते उणे ०.७. आता दोन आकडे एकमेकांना नीट भेटतात.

जर्नलमध्ये काय लिहायचं

तक्त्यात प्रत्येक फेरीचे सुरुवातीचा एकूण संवेग, नंतरचा एकूण संवेग, त्यांतला फरक एककासह आणि शेकडा बदल चिन्हासह, एवढे रकाने पुरेत. वेळा मात्र कच्च्या, टायमरवर दिसल्या तशाच लिहा, मेमरीतली बेरीजसुद्धा. तक्त्याखाली निकाल असा:

‘पाच फेऱ्यांत एकूण संवेगातला सरासरी बदल उणे ०.८ टक्के, अनिश्चितता अधिक-उणे ०.४ टक्के. हवेच्या रोधामुळे अपेक्षित बदल उणे ०.७ टक्के. दोन्हींतला फरक अनिश्चिततेच्या आत आहे. एक फेरी ग्लायडर घासल्यामुळे वगळली.’

दशांशानंतर एकच अंक. कॅल्क्युलेटरवर उणे १.९९६५ दिसलं म्हणून तसंच उतरवू नका. अनिश्चितता ०.४ असताना पुढच्या अंकांना काही अर्थ नसतो.

त्याच पानावर गतिज ऊर्जेचा बदलही द्यावा. पहिल्या फेरीत, दुरुस्त रुंदी धरून, तो सुमारे उणे ३.३ टक्के येतो. रबर बँड थोडी ऊर्जा खातो, त्यामुळे ऊर्जेची घट संवेगाच्या घटीपेक्षा मोठी असते.

चिकटून जाणारी टक्कर

रबराच्या जागी सुई आणि मेण लावलं की टकरीनंतर दोघे एकत्र पुढे जातात. रीडिंग दोनच लागतात आणि चिन्हाची भानगड नाही, म्हणून ही टक्कर सोपी समजली जाते. दुसऱ्या गेटमधून दोन्ही फ्लॅग जातात, त्यांतली पहिली वेळ ‘ब’ची, तीच घ्या. पण रोधाचा हिशेब बदलतो. ‘अ’चे २५ सेंटिमीटर आता परतीच्या प्रवासात पुसले जात नाहीत, आणि पुढचे ३५ सेंटिमीटर दोन्ही ग्लायडर रोध सोसतात. एकूण २५ अधिक ३५ अधिक ३५, म्हणजे ९५ सेंटिमीटर. b ने गुणलं की ०.००१९४, तेवढ्याच सुरुवातीच्या संवेगाच्या १.९ टक्के.

म्हणजे तोच ट्रॅक, तेच ग्लायडर, तेच गेट, आणि निर्दोष टकरीतही एकीकडे उणे ०.७ दिसायला हवेत तर दुसरीकडे उणे १.९. चिकटणाऱ्या टकरीत संवेग ‘जास्त हरवतो’ असा निष्कर्ष मी जर्नलांत बऱ्याचदा वाचला आहे. तो या अंतरांमुळे निघतो, टकरीमुळे नाही. ऊर्जेचं मात्र उलट आहे, ती टकरीतच जाते. या वस्तुमानांना सुमारे ६० टक्के गतिज ऊर्जा जायलाच हवी. शेजारच्या दोन रकान्यांत उणे २ आणि उणे ६० दिसले की या प्रयोगात नेमकं काय टिकतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

समोरासमोर आले तर

दोन्ही ग्लायडर एकमेकांकडे धावत आले की शेकडा बदल हे मापच कोलमडू शकतं. समजा ‘अ’चा संवेग अधिक ०.०९८ आणि ‘ब’चा उणे ०.०९२. एकूण ०.००६. टकरीनंतर एकूण ०.००४ आला. बदल उणे ३३ टक्के! प्रयोग बिघडलेला नाही, छेद जवळजवळ शून्य झाला आहे. प्रत्यक्षात फरक फक्त ०.००२ किग्रॅ मी/से आहे, आणि ट्रॅकवर फिरणाऱ्या संवेगांच्या परिमाणांची बेरीज ०.१९० आहे. तिच्या तुलनेत तो १.१ टक्के.

अशा वेळी आधी फरक एककासह लिहा, मग टक्केवारी, आणि छेदात काय घेतलं ते शब्दांत सांगा: ‘एकूण संवेगातला फरक उणे ०.००२ किग्रॅ मी/से. दोन्ही ग्लायडरच्या सुरुवातीच्या संवेगांच्या परिमाणांची बेरीज छेदात धरून उणे १.१ टक्के. सुरुवातीचा एकूण संवेग शून्याजवळ असल्यानं तो छेदात घेतलेला नाही.’